आपल्या माघारी झालेला हुकूमनामा



दिवाळी झाली की आपल्या पाड्यांवरची निम्मी दारं बंद होतात. चोपडा घ्या, यावल घ्या, शिरपूर घ्या नाहीतर साक्री. जोडपी कोयता घेऊन गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला जातात आणि आखाजीच्या आसपास परत येतात. घरी राहतात म्हातारी माणसं आणि आश्रमशाळेतली पोरं. याच सहा महिन्यांत कधीतरी कोर्टाचा कागद गावात येतो, तारीख लागते, पुकारा होतो, प्रतिवादी हजर नाही असं लिहिलं जातं आणि जमिनीचा निकाल लागून मोकळा होतो. माणूस पावसाळ्याआधी नांगर काढतो तेव्हा बांधावर बेलिफ उभा असतो.

याला कोर्टात एकतर्फी हुकूमनामा म्हणतात. या अंकात आम्ही त्याबद्दलच लिहितो आहोत. कारण आपल्या लोकांत दोन समजुती पक्क्या बसल्यात आणि दोन्ही चुकीच्या आहेत. एक म्हणजे, आम्ही कोर्टात गेलोच नाही तर निकाल आम्हाला लागू कसा होईल? आणि दुसरी, एकदा कोर्टाचा निकाल लागला म्हणजे जमीन गेलीच, आता काय उपयोग. (इथे 'दावा' म्हणजे दिवाणी कोर्टातला खटला. वनहक्काचा दावा नव्हे. बैठकीत वाचताना हे आधी सांगा, नाहीतर अर्ध्या लोकांचा घोळ होतो.)

हे हत्यार नवीन नाही. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली, त्यानंतरच्या चौकशीत हेच पुढं आलं की सावकार दावा लावतो, कुळ कोर्टात येत नाही आणि हुकूमनामा होतो. म्हणून 1879 साली इंग्रज सरकारने कायदा केला, की कोर्टाने शेतकऱ्यालाही विचारावं आणि कर्जाचा सगळा इतिहास तपासावा. तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर एवढ्याच जिल्ह्यांना होता. आपला खानदेश त्यात नव्हता.

आजचा कायदा दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे, आदेश 9, नियम 13. तो सांगतो की एकतर्फी हुकूमनामा झालेला प्रतिवादी त्याच कोर्टात अर्ज करू शकतो, आणि दोन गोष्टींपैकी एक पटवून दिली तर कोर्टाने हुकूमनामा रद्द करायचाच आहे. पहिली गोष्ट, समन्स नीट बजावलंच गेलं नव्हतं. दुसरी, समन्स मिळालं होतं पण सुनावणीच्या दिवशी हजर राहायला पुरेशा कारणाने अडचण आली. या दोन वेगळ्या वाटा आहेत. कुठल्या वाटेने जायचं यावर मुदत ठरते, पुरावा ठरतो, सगळंच ठरतं. आपल्या लोकांचे अर्ज फेटाळले जातात ते बऱ्याचदा याच ठिकाणी, दोन्ही वाटा एकाच अर्जात कशातरी मिसळल्यामुळे.

पहिल्या वाटेचं आधी बघू. बेलिफाने समन्स स्वतः प्रतिवादीच्या हातात द्यायचं असतं आणि सोबत दाव्याची प्रत असावी लागते. माणूस घरी नसेल आणि लवकर भेटेल असंही नसेल, तर घरात सोबत राहणाऱ्या सज्ञान माणसाला देता येतं. बाई असो की पुरुष. शेजाऱ्याला नाही, गड्याला नाही. कोणीच भेटत नसेल किंवा घ्यायला नकार दिला, तर घराच्या बाहेरच्या दाराला चिकटवायचं. पण नुसतं चिकटवून भागत नाही. घर कोणी दाखवलं आणि कोणासमोर कागद लावला, त्यांची नावं-पत्ते बेलिफाने अहवालात लिहायचे असतात. त्या अहवालावर बेलिफाचं शपथपत्र नसेल तर कोर्टाने त्याला शपथेवर तपासायचं असतं आणि मग 'समन्स योग्य रीतीने बजावले' असं स्वतः ठरवायचं असतं.

आता आपल्याकडे काय होतं? पाड्यापर्यंत गाडी जात नाही. खालच्या गावात चहाच्या दुकानात बसून अहवाल लिहिला जातो, 'प्रतिवादी मिळून आला नाही, दारास समन्स चिकटवले'. घर कोणी दाखवलं? नाव नाही. पंच कोण? नाव नाही, किंवा वादीच्याच माणसाची सही. असा अहवाल म्हणजे पहिल्या वाटेचा सगळ्यात मोठा पुरावा, आणि तो आपल्या घरात नसतो, कोर्टाच्या फाईलमध्ये असतो. म्हणून आमचं पहिलं सांगणं एवढंच, की हुकूमनामा कळला की वकिलाकडे जाऊन रडगाणं गाण्याआधी समन्सच्या अहवालाची आणि रोजनाम्याची नक्कल मागा. रोजनामा म्हणजे कोर्टाची रोजची नोंद. कुठल्या तारखेला काय झालं, समन्स बजावलं असं न्यायाधीशांनी कधी धरलं, एकतर्फी चालवण्याचा आदेश कुठल्या तारखेला केला, हे त्यात असतं. ते न वाचता अर्ज लिहिणं म्हणजे बैल न बघता दावं विकत घेणं.

नागपूरकडचं एक जमिनीचं प्रकरण 2018 साली सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, नीरजा रियल्टर्स विरुद्ध जंगलू. जमीन विकण्याच्या करारावरून कंपनीने दावा लावला होता, करार पुरा करून द्या म्हणून. समन्स प्रतिवादीला मिळालं नाही, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन बजावणी झाली असं धरलं गेलं आणि एकतर्फी हुकूमनामा झाला. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला आणि सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचं म्हणणं कायम ठेवलं. कारण साधं होतं. दाराला समन्स लावण्याची रीत पाळली नव्हती, आणि जाहिरातीवर जाण्याआधी प्रतिवादी मुद्दाम टाळतोय किंवा नेहमीच्या रीतीने बजावणी होऊच शकत नाही, याची कोर्टाने जी खात्री करून घ्यायची असते ती केलेली दिसत नव्हती. या प्रकरणात प्रतिवादीने नियम 13 चा अर्ज न करता सरळ अपील केलं होतं. ते चालतं, कारण एकतर्फी हुकूमनाम्यावर अपीलही करता येतं. पण अपिलात कोर्टाच्या फाईलमध्ये आधीच असलेल्या कागदांवरच बोलता येतं. आम्ही ऊसतोडीला गेलो होतो हा नवीन पुरावा द्यायची जागा नियम 13 च आहे. आणि अपीलाचा निकाल आधी लागला तर नियम 13 चं दार बंद होतं. त्यामुळे आपल्यासारख्यांनी आधी हा अर्ज करावा असं आमचं मत आहे.

पण पहिल्या वाटेला एक खाच आहे. 1976 साली कायद्यात दुरुस्ती झाली. बजावणीत नुसती काही चूक झाली म्हणून हुकूमनामा रद्द होणार नाही, जर प्रतिवादीला सुनावणीची तारीख माहीत होती आणि येऊन उत्तर द्यायला पुरेसा वेळ होता असं कोर्टाला वाटलं तर. इथे शब्द नीट वाचा. 'तारीख' माहीत असणं. गावात कोणीतरी म्हणालं की तुझ्यावर केस झालीये, एवढ्याने तारीख कळत नाही. सुप्रीम कोर्टाने 2002 च्या एका निकालात हा फरक स्पष्ट केला आहे. तरी वादी साक्षीदार उभा करतो की मी स्वतः बाजारात याला तारीख सांगितली होती. उलटतपासणीत त्याचं उत्तर द्यावं लागतं.

आणि आपली एक सवय सोडावी लागेल. 'घेऊ नका, सही करू नका, घेतलं नाही तर केस लागत नाही.' हे सांगणारे शहाणे प्रत्येक गावात आहेत, आपल्या संघटनेतही आहेत. नकार देणं म्हणजे कायद्याने बजावणी झाली असंच धरलं जातं. दिल्लीतल्या एका नवरा-बायकोच्या प्रकरणात बायकोने समन्स नाकारलं, रजिस्टर पाकीटही नाकारलं. घटस्फोटाचा एकतर्फी निकाल 1989 साली लागला, तिने रद्द करण्याचा अर्ज 1993 साली केला. 2011 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पुरेसं कारण दिसत नाही, निकाल कायम. कागद घ्या. त्यावर तारीख असते, कोर्टाचं नाव असतं, दाव्याचा नंबर असतो. घेतल्याने तुम्ही काही कबूल करत नाही.

आता दुसरी वाट, पुरेसं कारण. इथे कोर्ट काय तपासतं? ज्या तारखेला पुकारा झाला आणि एकतर्फी आदेश झाला, त्या दिवशी तुम्ही का नव्हता. त्या दिवशी. तुम्ही आधीच्या दोन तारखांना आला नाही, दहा वर्षं कर्ज फेडलं नाही, हे वादी उगाळत बसतो. पण सुप्रीम कोर्टाने 2000 साली जी. पी. श्रीवास्तव प्रकरणात सांगितलंय की कारण त्या दिवसाचं बघायचं, मागचं ओढून आणायचं नाही, आणि 'पुरेसं कारण' हे शब्द थोडे सैल हातानेच वापरायचे असतात. मात्र हेच आपल्यालाही लागू होतं. 'आम्ही अडाणी आदिवासी, आम्हाला कायदा समजत नाही' हे वाक्य अर्जात पहिलंच असतं. ते खरं आहे, पण एवढ्यावर भागत नाही, कारण ते सगळ्या दिवसांना लागू आहे, त्या एका दिवसाला नाही. त्या दिवशी तुम्ही कुठल्या फडात होता, किती अंतरावर, कोणाच्या टोळीत, कारखान्याची स्लिप आहे का, मुकादमाच्या वहीत तुमची उचल लिहिलेली आहे का, बाळंतपणात बायको सरकारी दवाखान्यात होती तर केसपेपर आहे का, असं सांगावं लागतं.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा चोपडा तालुक्यातल्या एका पावरा भावाची तीन एकर जमीन आहे. त्याने बिगरआदिवासी सावकाराकडून आजारपणासाठी पैसे घेतले आणि स्टॅम्पवर अंगठा दिला. स्टॅम्पवर लिहिलं होतं जमीन विकण्याचा सौदा. सावकाराने कोर्टात दावा लावला, खरेदीखत करून द्या म्हणून. भाऊ 12 नोव्हेंबरला ऊसतोडीला गेला. 5 डिसेंबरला बेलिफ आला. 10 जानेवारीला तारीख होती, पुकारा झाला, कोणी नाही, एकतर्फी आदेश झाला. वादीने आपलं शपथपत्र दिलं, उलट विचारणारं कोणी नाही, आणि 20 मार्चला हुकूमनामा झाला. भाऊ 2 मे ला परत आला. 14 जूनला दरखास्तीची नोटीस आली, तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं. नकला मिळवून 28 जूनला त्याने अर्ज केला.

आता सगळं 5 डिसेंबरला काय झालं यावर आहे. बेलिफाने बंद दाराला कागद लावला असं लिहिलं असेल आणि अहवालात कोणाचंच नाव नसेल, तर समन्स नीट बजावलं नाही ही पहिली वाट. मुदत हुकूमनामा कळला त्या दिवसापासून 30 दिवस, म्हणजे 14 जूनपासून. 28 जूनचा अर्ज वेळेत आहे.

पण समजा त्या दिवशी त्याच्या म्हाताऱ्या आईने कागद घेतला आणि अंगठा दिला. आई त्याच्यासोबत राहते, सज्ञान आहे, मुलगा सहा महिने यायचा नाही. मग बजावणी योग्य झाली असं कोर्ट धरू शकतं. 'माझ्या हातात दिलं नाही' म्हणून भांडण्यात वेळ घालवू नका. इथे दुसरी वाट धरायची. 10 जानेवारीला मी फडात होतो, आईला वाचता येत नाही, तिने कागद डब्यात ठेवला, तिच्याकडून निरोप मिळाला नाही. पण आता मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासून 30 दिवस मोजली जाते. 20 मार्चपासून 30 दिवस म्हणजे 19 एप्रिल, तेव्हा भाऊ अजून उसात होता. 28 जूनपर्यंत 70 दिवसांचा उशीर झाला. म्हणून सोबत विलंब माफीचा वेगळा अर्ज, मुदत कायद्याच्या कलम 5 खाली. त्यात त्या 70 दिवसांचा हिशोब द्यायचा. 2 मे पर्यंत बाहेर होतो. 2 मे ते 14 जून हुकूमनामा झाल्याचं माहीतच नव्हतं. 14 ते 28 जून नकला काढण्यात गेले, पावती ही घ्या. मधल्या एकाही आठवड्याबद्दल गप्प राहायचं नाही, कारण वादीचा वकील नेमका तोच आठवडा विचारतो. विशेषतः 2 मे नंतरचा. घरी आलात, आई सोबत आहे, कागद डब्यात आहे, मग दीड महिना कोणालाच कसा दाखवला नाही?

वाट कुठलीही असो, विलंब माफीचा अर्ज जोडून ठेवलेला बरा. कोर्टाने समन्स बजावलं असं धरलं तर मुदतीवर अर्ज तिथेच पडायला नको. पण दोन्ही अर्जांत एकमेकांना खोटं पाडणारी वाक्यं नकोत. एकात 'कागद आलाच नाही' आणि दुसऱ्यात 'आईने घेतला पण सांगितला नाही' असं लिहिलं की दोन्ही गेले. खरं काय घडलं ते आईला समोर बसवून आधी विचारा.

हुकूमनामा व्हायच्या आधीच कळलं तर काम सोपं आहे. समजा भावाला फेब्रुवारीत फोनवर कळलं, तेव्हा दावा अजून चालू आहे. मग नियम 7 खाली कोर्टात जाऊन आधी न येण्याचं चांगलं कारण सांगायचं, कोर्ट मागचं दुरुस्त करून देऊ शकतं. आणि कोर्टाने ते मानलं नाही तरी पुढच्या सुनावणीत भाग घेण्याचा हक्क जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1955 सालीच संग्राम सिंह प्रकरणात सांगितलंय. 'एकतर्फी' म्हणजे तुमच्या माघारी चाललं एवढंच, तुम्हाला दारातून हाकललं असं नव्हे. चार दिवसांची मजुरी बुडेल, मुकादम कुरकुर करेल, पण या. हुकूमनामा झाल्यावर तो रद्द करायला लागणारा वेळ आणि पैसा त्याच्या कितीतरी पट आहे.

वकील लावला होता आणि वकीलच तारखेला गेला नाही, असंही बरेचदा ऐकतो. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला देऊ नये असं सुप्रीम कोर्टाने 1981 साली एका प्रकरणात म्हटलंय. पण कोर्ट विचारतं, तू स्वतः वकिलाकडे कधी चौकशी केलीस? वकीलपत्रावर अंगठा देऊन दोन वर्षं तोंड न दाखवणाऱ्याला हा निकाल फारसा वाचवत नाही.

अर्ज दिल्यावर वादीला नोटीस निघते, त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय हुकूमनामा रद्द होत नाही. यात महिने जातात. आणि नुसता अर्ज दिल्याने दरखास्त थांबत नाही! हे आम्ही ठळक सांगतो आहोत, कारण अर्ज दिला म्हणून निवांत बसलेल्याचा कब्जा मधल्या काळात जाऊ शकतो. अंमलबजावणीला स्थगिती द्या असा वेगळा अर्ज त्याच दिवशी द्यायचा. अर्ज मंजूर करताना कोर्ट खर्चाची रक्कम भरायला लावू शकतं, पैशाच्या दाव्यात काही रक्कम जमाही करायला सांगू शकतं. ठरलेल्या तारखेपर्यंत ती भरली नाही तर मिळालेला आदेश हातचा जातो. अर्ज फेटाळला तर त्यावर जिल्हा कोर्टात अपील आहे. वकिलाच्या फीची भीती असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. अनुसूचित जमातीच्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या कायद्याने आहे. जातीचा दाखला सोबत न्या.

अर्ज मंजूर झाला म्हणजे जमीन जिंकली असं नाही. दावा पुन्हा उभा राहतो, कैफियत द्यावी लागते, आणि खरं भांडण तेव्हा सुरू होतं. अर्जाच्या टप्प्यावर जमीन कोणाची हे सिद्ध करायचं नसतं. तरी कैफियत तयार करून सोबत जोडली तर कोर्टाला दिसतं की माणूस वेळ काढत नाही, त्याच्याकडे बोलायला काहीतरी आहे. आणि आपल्याकडे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 36-अ सांगतं की आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे विक्री, गहाण, भाडेपट्टा कशानेही जिल्हाधिकाऱ्याच्या आधीच्या मंजुरीशिवाय जाऊ शकत नाही, आणि विक्रीला तर सरकारची संमतीही लागते. दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतली विक्रीसुद्धा त्यात धरली आहे. वरच्या उदाहरणातल्या सावकाराकडे अशी मंजुरी नाही. पण 10 जानेवारीला आणि 20 मार्चला हे कोर्टात कोण बोलणार होतं? सावकार स्वतःच्या दाव्यात प्रतिवादी आदिवासी आहे असं लिहील ही अपेक्षा आम्हाला तरी नाही. म्हणून स्थगितीच्या अर्जात, दरखास्तीच्या उत्तरात आणि कैफियतीत, तिन्ही ठिकाणी जातीच्या दाखल्यासह 36-अ लिहा.

सातबाऱ्यावर भावा-भावांची नावं एकत्र असतील आणि हुकूमनामा सगळ्यांवर झाला असेल, तर एका भावाच्या अर्जावरही, हुकूमनामा तुकडे करून रद्द करता येण्यासारखा नसला, तर कोर्ट तो सगळ्यांपुरता रद्द करू शकतं. एक भाऊ घरी होता आणि त्याने समन्स घेतलं म्हणून बाहेर असलेल्या भावाने हात टेकू नयेत.

ज्यांच्या घरी कोर्टाचा कुठलाही कागद आला आहे, जुना का असेना, त्यांनी तो पुढच्या बैठकीला घेऊन यावा. फाटका असला तरी चालेल. त्यावरचा दाव्याचा नंबर वाचता आला तर रोजनाम्याची नक्कल मागता येते. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांनी निघण्याआधी मुकादमाचा आणि फडाचा पत्ता गावच्या कार्यकर्त्याकडे लिहून द्यावा, आणि घरच्या म्हाताऱ्यांना सांगून जावं की कागद आला तर घ्यायचा, डब्यात ठेवायचा नाही, त्याच दिवशी आणून दाखवायचा.